व्याजदर शून्यावर नेऊनही पैसा हलत नाही म्हणजे नक्की काय होतं? (जपान)

उंबरठा
परवा ऑफिसात जेवताना वाद झाला. एकजण म्हणाला मंदी आली की रिझर्व्ह बँकेने व्याजदर खाली आणायचे, लोक कर्ज घेतात, खर्च करतात, गाडी सुरू. दुसरा म्हणाला जपानने तर शून्य केले होते, काय दिवे लागले? त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं आणि डबे संपले. म्हणून इथे विचारतोय, पैसा फुकट मिळत असताना कोणी घेत कसं नाही? मला खरंच कळत नाही कारण मला कोणी 0 टक्क्याने होम लोन दिलं तर मी आत्ता सही करीन. जाणकारांनी प्रकाश टाकावा. लिक्विडिटी ट्रॅप म्हणतात याला एवढंच माहीत आहे.

रानमेवा
वाचतेय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

सदाशिव_पेठी
साधं आहे. जपानी माणूस मुळात काटकसरी, पैसे साठवायची सवय. पोस्टात पैसे टाकणार, कपाटात ठेवणार, खर्च करणार नाही. तुम्ही व्याज शून्य करा नाहीतर उणे करा, संस्कृतीच तशी आहे. आपल्याकडच्या आधीच्या पिढीसारखी.

अण्णा_निवृत्त
बँकेत होतो, ट्रेझरीत बरीच वर्षं गेली, त्यामुळे थोडं लांब लिहितो, सांभाळून घ्या.

पेठीसाहेब, तुमचं म्हणणं सगळे करतात पण आकडे उलटे आहेत. 1990 च्या सुमारास जपानी कुटुंबं उत्पन्नाच्या साधारण 14-15 टक्के बचत करायची, तीच 2000 नंतरच्या दशकात तीन-चार टक्क्यांपर्यंत आली. म्हणजे ज्या काळात पैसा हलत नव्हता त्याच काळात घरं उलट कमी साठवत होती. साठवत होत्या त्या कंपन्या. ज्यांनी कर्ज काढून कारखाने उभारायचे त्याच 1998 च्या सुमारापासून एकूणात बचत करणाऱ्या झाल्या. दरवर्षी नवीन कर्ज कमी आणि जुन्याची फेड जास्त. मला विचाराल तर सगळं प्रकरण इथे आहे.

आता क्रम सांगतो. 1989 च्या शेवटच्या ट्रेडिंगच्या दिवशी जपानचा शेअर निर्देशांक निक्केई 38,915 ला बंद झाला. त्याआधीच बँक ऑफ जपानने दर वाढवायला सुरुवात केली होती, 2.5 वरून ऑगस्ट 1990 पर्यंत 6 टक्के. शेअर आधी पडले, मग जमिनी. सहा मोठ्या शहरांतल्या व्यापारी जमिनीचे भाव पुढच्या दशक-दीड दशकात 80 टक्क्यांहून जास्त उतरले, आणि कर्जं तर सगळी जमिनीच्या तारणावर दिलेली. मग 1991 पासून दर खाली आणत आणत सप्टेंबर 1995 ला अर्ध्या टक्क्यावर आणला. फेब्रुवारी 1999 मध्ये जवळपास शून्य. बँका एकमेकींना रात्रभरासाठी देतात तो दर इतका खाली गेला की दलाली वजा जाता हातात काहीच राहीना.

आता उंबरठा यांचा प्रश्न, फुकट पैसा कोणी घेत कसं नाही. एक कंपनी धरा, आकडे मी मनाने घेतोय. 1989 ला 100 कोटी येनची जमीन घेतली, त्यात 80 कोटी कर्ज, 7 टक्के. धंदा चांगला चाललाय, व्याजाआधी वर्षाला 8 कोटी उरतात, त्यातले 5.6 कोटी व्याजात जातात, खिशात 2.4. आता जमिनीचे झाले 30 कोटी (ही मी दयाच दाखवतोय). कर्ज 80 चं 80. म्हणजे ताळेबंदाला 50 कोटींचं भगदाड. माल विकला जातोय, कामगार कामावर येतायत, बाहेरून सगळं ठीक. मध्यवर्ती बँकेने दर कमी केले आणि हिचं व्याज 2 टक्क्यावर आलं. व्याज 1.6 कोटी, हातात 6.4 उरले, आधीपेक्षा चार कोटी जास्त. पुस्तकाप्रमाणे या चार कोटींची मशीनरी यायला हवी. पण मालक काय करणार? सगळेच्या सगळे 6.4 कोटी मुद्दलात भरणार, गवगवा न करता. कारण बँकेने उद्या तारणाचं मूल्यांकन काढलं तर संपला. भगदाड बुजवायला टॅक्स वगैरे सोडून दिला तरी सात-आठ वर्षं लागतात, आणि तेवढा काळ तुम्ही त्याला शून्य टक्क्याने नवीन कर्ज दिलंत तरी तो हात जोडून नको म्हणेल. असे हजारो मालक एकाच वेळी.

एमआयडीसीवाला
अण्णा, हे वाचून अंगावर काटा आला राव. माझं छोटं युनिट आहे भोसरीला, टर्निंगची कामं करतो. 2020 ला ते सरकारी गॅरंटीवालं लोन आलं होतं बघा, जुन्या कर्जाच्या 20 टक्के, बँकेतून रोज फोन, घ्या घ्या साहेब तारण लागत नाही. घेतलं. आणि काय केलं? एक रुपयाची मशीन घेतली नाही, सप्लायरची देणी दिली आणि उरलेलं कॅश क्रेडिट खात्यात टाकून ठेवलं. ऑर्डरच नव्हत्या तर मशीनवर काय लोणचं घालू का? बँकेचा माणूस म्हणायचा रेट कमी झालाय तुम्ही एक्सपान्शन का करत नाही. अरे बाबा मी रेट बघून एक्सपान्शन करतच नाही, पार्टीची ऑर्डर बघून करतो.

अर्धाकप
एक्झॅक्टली! म्हणजे भारत 2020 मध्ये लिक्विडिटी ट्रॅपमध्येच होता. रेपो 4 टक्के, बँकांनी लाखो कोटी रिव्हर्स रेपोत 3.35 ने आरबीआयकडेच परत नेऊन ठेवले, कर्ज वाढत नव्हतं. हीच व्याख्या. तेव्हा मी बोललो होतो तर ग्रूपवर सगळे हसले.

अण्णा_निवृत्त
अर्धाकप, अर्धं बरोबर आहे (नावाला जागलात 🙂). बँका पैसे परत नेऊन ठेवत होत्या हे खरं, आमच्याच खुर्चीवरची पोरं ते करत होती, कारण 3.35 मध्ये झोप लागते आणि कर्ज दिलं की लागत नाही. पण दर शून्याला टेकला नव्हता, आरबीआयकडे अजून खाली जायला जागा होती. आणि मुख्य म्हणजे त्या वर्षी आपल्याकडे महागाई बरेच महिने 6 टक्क्यांच्या वर होती. 4 टक्क्याचा दर आणि 6 ची महागाई म्हणजे खरा दर उणे 2. जपानचं नेमकं उलटं. तिथे 1999 ते 2005 भाव दरवर्षी थोडे थोडे घसरत होते, कधी अर्धा टक्का, कधी एकच्या आसपास. म्हणजे दर शून्य असला तरी खरा दर एक टक्का अधिक, आणि कंपनीला 2 टक्क्याने कर्ज मिळत असेल तर तिला ते खऱ्या अर्थाने 3 ला पडतंय. ही खरी अडचण. रोगाला हवाय उणे दर आणि औषध शून्यापाशी संपतं, कारण त्याखाली नेलं तर माणूस नोटा काढून घरी ठेवेल, नोटेवर शून्य टक्का तर मिळतोच.

वैतागलेली_वैशाली
माझेही पैसे एका पतसंस्थेत अडकलेत, चार वर्षं झाली. व्याज सोडा मुद्दल पण देत नाहीत. लिक्विडिटी नाही म्हणतात. या ट्रॅपमधून बाहेर कसं पडायचं कोणी सांगेल का? सहकार खात्यात अर्ज दिलाय.

रानमेवा
वैशालीताई, हा धागा वेगळ्या विषयावर आहे हो. तुमचं म्हणजे संस्थेकडे रोकड नाही. इथे चर्चा चाललीय ती रोकड उतू जातेय तरी कोणी घेत नाही याची. तुम्ही वेगळा धागा काढा, इथे सहकारातले दोन-तीन जण आहेत ते नक्की मदत करतील. सहनिबंधकांकडच्या अर्जाची पोच जपून ठेवा.

वैतागलेली_वैशाली
बरं. काढते. पण रोकड उतू जाते हे ऐकूनच बरं वाटलं कुठेतरी.

टोकियोतली_टिकली
मी निशी-कासाईला राहते, नवरा आयटीत, आम्हाला इथे बरीच वर्षं झाली. शून्य दर घरात कसा दिसतो ते सांगते. 2016 ला बँक ऑफ जपानने दर उणे केला त्यानंतर आमच्या बँकेने साध्या बचत खात्याचं व्याज 0.001 टक्का केलं. म्हणजे दहा लाख येन वर्षभर ठेवले तर दहा येन. त्यातून वीस टक्के कर कापून हातात आठ. आणि रात्री एटीएममधून पैसे काढले तर 110 येन फी. म्हणजे एकदा वेळ चुकली की तेरा-चौदा वर्षांचं व्याज गेलं 😄 आता 2024 पासून जरा वाढलंय. दर उणे केला तेव्हा दुकानांतून तिजोऱ्यांचा खप वाढल्याच्या बातम्या होत्या, आमची शेजारीण आजी तर उघड सांगायची की कपाटात ठेवते, बँकेत गेलं काय आणि इथे राहिलं काय.

पण आजीने आम्हाला आणखी एक सांगितलं ते अण्णांच्या कंपनीवाल्या गोष्टीला धरून आहे. तिचा मुलगा नोकरीला लागला त्या काळात मोठ्या कंपन्यांनी कायमची भरतीच जवळपास थांबवली, कंत्राटी घ्यायचे. दर वसंतात युनियन आणि मालक पगाराची बोलणी करतात त्याला इथे शुंतो म्हणतात, 2002 नंतर काही वर्षं मूळ पगारात वाढ मागायचंसुद्धा बऱ्याच युनियननी सोडलं होतं. मग असा माणूस शून्य टक्के बघून घर घेईल का?

सदाशिव_पेठी
बचतीचे आकडे माहीत नव्हते. पण कपाटात ठेवतात हे आलंच की शेवटी.

टोकियोतली_टिकली
आलं, पण कपाटात ठेवायचं कारण व्याज शून्य हे आहे, आजी 1990 ला पोस्टाच्या ठेवीवर सहा टक्के घ्यायची तेव्हा कपाटात काही ठेवत नव्हती.

कोरडा_पाऊस
मला एक कळत नाही, मध्यवर्ती बँकेकडे छापखाना आहे ना? दर संपला तर नोटा छापा आणि ओता. पैसा जास्त झाला की भाव चढणारच, हे तर अकरावीच्या पुस्तकात आहे.

अण्णा_निवृत्त
ओतला. मार्च 2001 ला त्यांनी दराचा नाद सोडला आणि ठरवलं की बँकांच्या मध्यवर्ती बँकेकडे असलेल्या चालू खात्यात किती शिल्लक असावी हेच लक्ष्य धरायचं. सुरुवात 5 लाख कोटी येनपासून, वाढवत वाढवत जानेवारी 2004 ला 30 ते 35 लाख कोटी. कसं करतात तर बँकेकडचे सरकारी रोखे विकत घेतात आणि तिच्या खात्यात आकडा जमा करतात. इथेच अकरावीचं पुस्तक अडतं. बँकेकडे आधी जवळपास शून्य व्याजाचा अल्पमुदतीचा रोखा होता, आता शून्य व्याजाची शिल्लक आहे. तिच्या दृष्टीने एका खिशातला रुमाल दुसऱ्या खिशात गेला. कर्ज मागायला दारात कोणी नाही, आणि जो येतो तो बुडीत निघेल अशी भीती, कारण बँकेचं स्वतःचं भांडवलही त्याच जमिनींनी खाल्लेलं. नोव्हेंबर 1997 च्या एकाच महिन्यात होक्काइदो ताकुशोकू बँक आणि यामाइची सिक्युरिटीज बसल्या होत्या, ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं.

तर चालू खात्यातली शिल्लक सहा-सात पटींवर गेली आणि बँकांनी दिलेली एकूण कर्जं त्याच काळात दरवर्षी घटत होती, 2005 पर्यंत. ओळखायचं ते असं. व्याजदर कमी आहे म्हणून ट्रॅप होत नाही, मध्यवर्ती बँक ओततेय आणि कर्जाचा आकडा हलत नाही, वर सरकार वारेमाप उधारी करत असूनही रोख्यांवरचं व्याज पडतंय, हे एकत्र दिसलं की समजायचं. जून 2003 ला दहा वर्षांच्या सरकारी रोख्यावर 0.43 टक्के मिळत होते. दहा वर्षं पैसे अडकवून!

एमआयडीसीवाला
मग बुलेट ट्रेनला जपानने 0.1 टक्क्याने 50 वर्षांसाठी कर्ज दिलं ते याच पैशातलं का? आपल्या ठाणे-पालघरच्या जमिनी गेल्या त्यात.

अण्णा_निवृत्त
थेट याच पैशातलं नाही, ते कर्ज जपानच्या सरकारी मदत संस्थेचं आहे आणि त्यात त्यांच्या कंपन्यांना काम मिळणं हाही हिशोब असतो. पण घरात दहा वर्षांचा दर शून्याजवळ असताना 0.1 ने द्यायला त्यांना फारसं जड गेलं नाही, आणि आपल्याला ते फेडायचंय येनमध्ये. येन वधारला तर 0.1 चा आनंद राहणार नाही. जमिनींचा वाद वेगळा, त्यात शिरत नाही.

कोरडा_पाऊस
ठीक, बँकांना देऊन उपयोग नाही. मग थेट लोकांना वाटा.

टोकियोतली_टिकली
तेही झालंय! 1999 ला कूपनं वाटली होती, पंधरा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामागे आणि गरजू म्हाताऱ्यांना वीस हजार येन, हजार-हजारची वीस. सहा महिन्यांत संपवायची, आपल्याच गावात, आणि दुकानदाराने सुटे परत द्यायचे नाहीत. म्हणजे कपाटात ठेवताच येऊ नये अशी सगळी व्यवस्था. आजी म्हणते लोकांनी कूपनं तर वापरली पण तांदूळ, साबण, मुलांचे बूट, जे घ्यायचंच होतं तेच घेतलं, आणि त्या जागी खिशातले वाचलेले येन ठेवून दिले.

अण्णा_निवृत्त
बरोबर, सरकारच्याच पाहणीत असं निघालं की कूपनांच्या रकमेतला साधारण तिसरा हिस्साच नवा खर्च होता. एकदाच मिळणारे पैसे माणूस असेच वागवतो.

बिनपाण्याची_विहीर
इथपर्यंत वाचलं, अण्णांचं बरंचसं पटतं, पण सगळं कर्जाच्या भगदाडावर ढकलणं मला पटत नाही. हे अर्थतज्ज्ञ रिचर्ड कू यांचं म्हणणं झालं. मग 2005 पर्यंत बऱ्याच कंपन्यांचे ताळेबंद साफ झाले होते, तरी पुढे कर्ज का नाही उचललं? उलट रोकड साठवत राहिल्या. दुसरे अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन 1998 लाच म्हणाले होते की अडचण अपेक्षेची आहे. लोकांना खात्री आहे की भाव चढायला लागले रे लागले की मध्यवर्ती बँक लगेच ब्रेक दाबणार. ती खात्री मोडायची असेल तर बँकेने वचन द्यावं लागतं की महागाई आली तरी आम्ही हात लावणार नाही. म्हणजे जिचा धंदाच शिस्तीचा तिने बेशिस्तीचं वचन द्यायचं आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवायचा.

आणि बँक ऑफ जपानने नेमकं काय केलं बघा. ऑगस्ट 2000, भाव अजून घसरतच होते, सरकारच्या प्रतिनिधींनी बैठकीत सांगितलं की निर्णय पुढे ढकला, गव्हर्नर हायामींच्या मंडळाने ती विनंती फेटाळली आणि दर 0.25 केला. पाव टक्का फक्त. पण संदेश काय गेला? की शून्य ही आम्हाला लाज वाटण्याची गोष्ट आहे आणि संधी मिळताच आम्ही वर जाणार. सहा महिन्यांत, फेब्रुवारी 2001 ला परत खाली यावं लागलं. विश्वास गेला तो गेला. त्या मतदानात विरोधात दोघेच होते, त्यातले एक काझुओ उएदा. तेच 2023 ला गव्हर्नर झाले आणि मार्च 2024 ला उणे दर त्यांनीच संपवला.

उंबरठा
उएदांचं माहीत नव्हतं, भारी आहे हे. म्हणजे पाव टक्क्याने एवढा फरक पडतो?

अण्णा_निवृत्त
पाव टक्क्याने नाही पडत हो, हेच तर माझं म्हणणं आहे. एमआयडीसीवाल्यांना विचारा, पाव टक्क्यासाठी त्यांनी ऑर्डर घेतली किंवा सोडली आहे का कधी. विहीर यांचा मुद्दा हुशारीचा आहे, पण कारखानदार गव्हर्नरचं भाषण ऐकून मशीन घेत नाही. 2005 नंतर कर्ज का नाही उचललं, तर दहा-पंधरा वर्षं रात्री झोप उडालेला मालक कर्ज फिटल्यावर लगेच दुसरं घेत नाही, त्याचा मुलगा घेईल कदाचित. शिवाय लोकसंख्या घटतेय, देशात विकायचं कोणाला.

एमआयडीसीवाला
पाव टक्क्यासाठी नाही. पण पार्टीने सांगितलं की पुढच्या वर्षी रेट वाढवून देतो, तर आज स्टील भरून ठेवतो मी. त्यामुळे विहीरवाल्यांचं पण थोडं पटतंय. भाव वाढणार असं नक्की वाटलं तर माणूस थांबत नाही.

अर्धाकप
पण मग बँक ऑफ जपानचे गव्हर्नर कुरोदांनी 2013 ला हेच केलं ना? दोन वर्षांत दोन टक्के महागाई आणू, नोटा आणि बँकांची शिल्लक मिळून जे मूळ चलन ते दुप्पट करू म्हणाले. 2015 ला महागाई परत शून्याजवळ. म्हणजे क्रुगमन फेल.

बिनपाण्याची_विहीर
मध्येच एप्रिल 2014 ला विक्रीकर 5 चा 8 केला ते सोयीने विसरलात. एका हाताने खर्च करा म्हणायचं आणि दुसऱ्या हाताने खिसा कापायचा. 1997 लाही तेच, 3 चा 5. अर्थखात्याला कर्ज दिसतं आणि राहवत नाही. वचन दिलं मध्यवर्ती बँकेने आणि मोडलं सरकारने, यात सिद्धांत फेल कसा?

अण्णा_निवृत्त
कराबद्दल शंभर टक्के सहमत, त्यावर आपलं भांडण नाही. पण मग तुम्हीच म्हणताय की शेवटी सरकारचा खर्च आणि कर ठरवतो, गव्हर्नरचं वचन नाही.

टोकियोतली_टिकली
भांडणात पडत नाही पण महागाई आलीये हं आता. एप्रिल 2022 पासून बराच काळ दोन टक्क्यांच्या वरच होती, इंधन आणि आयात महाग झाली, येन पडला. 2024 च्या शुंतोत मोठ्या कंपन्यांनी पाच टक्क्यांहून जास्त वाढ दिली, तीस वर्षांत असं झालं नव्हतं म्हणतात. आमच्या घराच्या कर्जाचा दर बदलता आहे, इथे बहुतेकांचा तसाच असतो, तर बँकेचं पत्र आलं की नवरा आधी कोपऱ्यात नेऊन वाचतो.

बिनपाण्याची_विहीर
बघा, अपेक्षा बदलली की पगारही हलतात.

अण्णा_निवृत्त
अपेक्षा बदलली ती तेल आणि गहू महागल्याने, वचनाने नव्हे. आणि कंपन्यांकडे वीस वर्षांची रोकड होती म्हणून पाच टक्के परवडले.

बिनपाण्याची_विहीर
2008 लाही तेल महागलं होतं अण्णा, तेव्हा का नाही हलले पगार? याचं उत्तर द्या मग मानतो.

अण्णा_निवृत्त
तेव्हा काही महिन्यांत अमेरिकेतली लेहमन बँक पडली, तेलही पडलं आणि निर्यातही. पण प्रश्न चांगला आहे, जुने कागद बघून उद्या सविस्तर लिहितो. आता नातवाला क्लासला सोडायचंय.